बांगड्या घट्ट होतात तेव्हा: गरोदरपणातली सूज, डोकेदुखी आणि रक्तदाबाच्या पट्ट्याची गोष्ट

सातारा-सांगलीकडे डोहाळजेवणात हिरव्या बांगड्या भरतात. सातव्या महिन्यात सहज गेलेल्या याच बांगड्या आठव्या-नवव्या महिन्यात मनगटाला रुतू लागतात. अंगठी निघेनाशी होते. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा दिसतो आणि चेहरा "भरल्यासारखा" वाटतो. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "दिवस भरत आले की सूज यायचीच." बहुतेक वेळा त्यांचं म्हणणं खरंही असतं. पण काही वेळा ते खरं नसतं, आणि नुसतं बघून या दोन प्रकारच्या बायका वेगळ्या ओळखता येत नाहीत. ना आजीला, ना नवऱ्याला, ना अनुभवी डॉक्टरला. हा फरक ओळखायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं लागली. तो इतिहास समजला की प्रत्येक तपासणीला नर्सबाई दंडाला पट्टा का बांधतात, हे तुम्हाला आपोआप कळेल.

या आजाराचं टोकाचं रूप म्हणजे झटके. गरोदर बाईला, बाळंत होताना किंवा बाळंत झाल्यावर अचानक फिट येते, दातखीळ बसते आणि ती बेशुद्ध पडते. वैद्यकीय भाषेत याला एक्लॅम्पसिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे अचानक लखकन चमकणं. निरभ्र आकाशात वीज चमकावी तसा हा आजार येतो, असं जुन्या वैद्यांना वाटायचं. आपल्याकडे त्याला लागीर किंवा बाहेरची बाधा म्हणत. दोन्ही नावांमागे समजूत एकच होती, की हे न सांगता येतं. खरं तर ते बहुतेकदा सांगून येतं, पण ते ऐकण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं.

पहिला धागा १८४३ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये सापडला. तिथल्या डॉ. जॉन लिव्हर यांनी झटके आलेल्या बायकांची लघवी तापवून पाहिली. अंड्याचा पांढरा बलक तापला की घट्ट होतो, तशी त्या लघवीत पांढरी साय धरली. म्हणजे लघवीतून प्रथिनं जात होती. मग त्यांनी झटके न आलेल्या इतर गरोदर बायकांची लघवीही तपासली. तिच्यात प्रथिनं सहसा सापडली नाहीत. सापडली ती त्याच बायकांमध्ये, ज्यांच्यात झटक्यांआधीची लक्षणं होती. बाळंतपणानंतर लघवीतली प्रथिनं कमी होत जातात हेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे हा नेहमीचा मूत्रपिंडाचा आजार नव्हता. तो गरोदरपणाबरोबर येत होता आणि गरोदरपणाबरोबर जात होता.

तरी एक महत्त्वाची गोष्ट लिव्हर यांना मोजता आली नाही, ती म्हणजे रक्तदाब. त्या काळी डॉक्टर नाडीवर बोट ठेवून ती "कडक" आहे की "मऊ" आहे एवढंच सांगू शकत.

आता आपल्या भागात येऊ. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं ते १८९४ साली. मिरज तेव्हा संस्थान होतं. शस्त्रक्रियेसाठी लांबलांबून माणसं तिथे येऊ लागली. पण ते हॉस्पिटल उघडलं तेव्हा रक्तदाब मोजायचा दंडाचा पट्टा जगात कुठेच नव्हता. तो दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, इटलीतल्या तुरीन शहरात सिपिओने रिव्हा-रोची यांनी बनवला. दंडाभोवती रबरी नळी, हवा भरायचा फुगा आणि पाऱ्याची उभी काच, इतकंच ते उपकरण होतं. नाडी बंद पडेपर्यंत हवा भरायची आणि पारा कुठवर चढला ते बघायचं. त्यामुळे वरचा आकडा मिळे, खालचा मिळत नसे. खालचा आकडा १९०५ पासून मिळू लागला. रशियातल्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावला, तेव्हा हवा सोडताना ठोके ऐकू येतात आणि मग थांबतात हे त्यांच्या लक्षात आलं. आज नर्सबाई कानात नळ्या घालून जे ऐकतात ते हेच ठोके.

तुरीनचं उपकरण आल्यावर वर्षभरातच, १८९७ मध्ये, पॅरिसमध्ये वाकेझ आणि नोबेकूर यांनी झटके आलेल्या बायकांना ते लावलं. त्यांचा रक्तदाब खूप वाढलेला निघाला. झटके, लघवीतली प्रथिनं आणि वाढलेला रक्तदाब हे एकाच आजाराचे भाग आहेत हे तेव्हा दिसू लागलं. पुढच्या काळात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि तुमच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. रक्तदाब झटक्यांच्या आधी वाढतो. कधी काही तास आधी, बऱ्याचदा काही दिवस किंवा आठवडे आधी. झटक्यांच्या आधीच्या या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात.

१९२९ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य मंत्रालयाने गरोदर बायकांच्या तपासणीचं वेळापत्रक काढलं. सुरुवातीला तपासण्यांमध्ये मोठं अंतर होतं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर दर पंधरा दिवसांनी आणि छत्तिसाव्यानंतर दर आठवड्याला यायचं होतं. शेवटी शेवटी डॉक्टर सारखं का बोलावतात, असं पेशंट मला विचारतात. पोट वाढलंय हे बघायला नव्हे. हा आजार बहुतेक वेळा शेवटच्या तिमाहीत येतो आणि कधी आठवड्याभरात बिघडतो. महिन्याच्या अंतराच्या तपासणीत तो हातातून निसटतो. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ती जरूर करा. पण नवव्या महिन्यात एका ९ तारखेपासून पुढच्या ९ तारखेपर्यंत थांबणं पुरेसं नाही.

मग सुजेचं काय झालं?

विसाव्या शतकात बराच काळ या आजाराची व्याख्या तीन गोष्टींची होती: रक्तदाब, लघवीत प्रथिनं आणि सूज. त्यातली सूज सगळ्यांना दिसणारी, म्हणून डॉक्टर तिच्यामागे लागले. मीठ बंद केलं, वजन वाढू नये म्हणून जेवण कमी केलं, आणि १९५०-६० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत लाखो गरोदर बायकांना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या. सूज उतरत असे, आजार मात्र तिथेच राही. पुढे मोठ्या संख्येने बायकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा रक्तदाब पूर्ण नॉर्मल असलेल्या कितीतरी बायकांनाही सूज असते आणि त्यांची बाळं व्यवस्थित जन्मतात असं दिसलं. शेवटी २००० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने सूज व्याख्येतूनच काढून टाकली. २०१३ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणखी एक पाऊल टाकलं. रक्तदाब वाढलेला असेल आणि प्लेटलेट, यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूवर परिणाम दिसत असेल, तर लघवीत प्रथिनं नसली तरी तो प्रीएक्लॅम्पसियाच धरायचा. म्हणजे तीन खांबांपैकी दोन बाजूला झाले. रक्तदाब राहिला.

याचा अर्थ सुजेकडे दुर्लक्ष करायचं असा नाही. पायांना संध्याकाळी सूज येते आणि पाय उंचावर ठेवून झोपल्यावर सकाळी उतरते, ती बहुतेक वेळा पोटाच्या दाबामुळे असते. हातांना आणि चेहऱ्याला येणारी, दोन-चार दिवसांत वाढलेली, सकाळी उठतानाही असलेली सूज वेगळी समजायची. तिच्यावरून आजार ठरत नाही, पण त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायला ती पुरेसं कारण आहे. उलट बाजूही लक्षात ठेवा. अंगावर अजिबात सूज नसलेल्या बाईचा रक्तदाबही १७० असू शकतो.

डोकेदुखीची फसवणूक आणखी मोठी आहे, आणि त्यात आपल्या भाषेचा थोडा दोष आहे. मराठीत डोकं दुखून मळमळलं, उलटी झाली, छातीच्या खाली पोटात जळजळलं की एक शब्द तयार असतो: "पित्त". मग आलं-लिंबू, कोकमाचं सरबत, मेडिकलमधून आणलेली अॅसिडिटीची गोळी. आता गंभीर प्रीएक्लॅम्पसियाची लक्षणं बघा. डोकं सतत दुखतं आणि साध्या पॅरासिटामॉलने थांबत नाही. मळमळ आणि उलटी होते. छातीच्या पिंजऱ्याखाली, मध्यभागी किंवा उजवीकडे दुखतं, कारण तिथे यकृत सुजलेलं असतं. म्हणजे "पित्ता"चं वर्णन आणि या आजाराचं वर्णन जवळपास शब्दशः एकच आहे. विसाव्या आठवड्यानंतर हे त्रिकूट एकत्र आलं तर ते पित्त आहे असं रक्तदाब मोजल्याशिवाय कुणीही म्हणू नये. मेडिकल दुकानदाराने नाही आणि डॉक्टरनेही नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, धूसर दिसणं किंवा एकाचे दोन दिसणं याच्या जोडीला आलं, तर घरी थांबायला वेळ उरलेला नसतो.

एक उदाहरण घेऊन बघू. ही एक कुणी विशिष्ट बाई नाही, पण अशा अनेकजणी असतात. समजा, एका मुलीचं सासर कराडला आहे आणि माहेर जत तालुक्यात. वय बावीस, पहिलंच बाळंतपण. चौदाव्या आठवड्यात कराडला रक्तदाब १०४/६४ भरला, सव्विसाव्यात १०८/७०. तिसाव्या आठवड्यात डोहाळजेवण झालं आणि रीतीप्रमाणे ती माहेरी गेली. माता-बाल संरक्षण कार्ड कराडला कपाटात राहिलं. ही रीत चांगली आहे, त्यावर माझा काही आक्षेप नाही. पण एक लक्षात घ्या: आजार यायच्या नेमक्या काळात गाव बदलतं, दवाखाना बदलतो आणि आधीचे आकडे मागे राहतात. पस्तिसाव्या आठवड्यात तिच्या बांगड्या रुतू लागतात, तोंड सुजल्यासारखं दिसतं, तीन दिवस डोकं दुखतं. आई म्हणते, उन्हाने पित्त खवळलंय. आशाताई घरी येतात तेव्हा सुजलेला चेहरा बघून तिला उपकेंद्रात घेऊन जातात.

तिथे पट्टा बांधल्यावर १४८/९६ येतो. नर्सबाई तिला पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकवून बसवतात, बोलू देत नाहीत, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवतात आणि पुन्हा मोजतात. १५०/९८. लघवीच्या पट्टीवर प्रथिनं दोन प्लस. गरोदरपणात १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो काही तासांच्या अंतराने दुसऱ्यांदा मोजून पक्का करतात. पण सतत डोकं दुखतंय, सूज आहे आणि प्रथिनं जातायत, तेव्हा दुसऱ्या मोजणीसाठी तिला घरी पाठवत नाहीत, हॉस्पिटलमध्ये पाठवतात. इथे कराडचं कार्ड असतं तर आणखी एक गोष्ट दिसली असती. १०८/७० असणाऱ्या मुलीचा आकडा चाळीसने चढला आहे. कुणी म्हटलं, "दीडशे काय फार नाही, आमच्या आजोबांना एकशे साठ असतो," तर त्याला सांगा की साठीच्या आजोबांचं माप बाविशीच्या पोरीला लागू होत नाही.

मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत आकडा १६४/११२ होतो. १६०/११० ही दुसरी रेषा आहे. ती ओलांडली की मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. म्हणून इतका रक्तदाब टिकून राहिला तर तो खाली आणायचं औषध तासाभराच्या आत सुरू करतात. प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या होतात, बाळाचे ठोके तपासतात. आणि झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू करतात.

या मॅग्नेशियमची स्वतःची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या अगदी जवळ येऊन पोचते. झटक्यांवर एकेकाळी शीर कापून रक्त काढत. मग अंधाऱ्या, शांत खोलीत मॉर्फिन देऊन ठेवत. मद्रासमध्ये डॉ. कृष्णा मेनन यांनी तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण वापरलं आणि भारतभर ते बराच काळ चाललं. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे साधं एप्सम सॉल्ट. ते अमेरिकेत १९२० च्या दशकापासून वापरात होतं, पण बाकीच्या जगाचा त्यावर विश्वास नव्हता. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या जवळपास १,७०० बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल आला. इतर दोन प्रचलित औषधांपेक्षा मॅग्नेशियमने पुन्हा झटके येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं होतं. २००२ मध्ये दहा हजारांहून अधिक बायकांच्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवलं की झटके येण्याआधी दिलं तर मॅग्नेशियम निम्म्याहून अधिक झटके टाळतं.

अडचण एकच होती. मॅग्नेशियम जास्त झालं तर श्वास मंदावतो. म्हणूनच नर्स दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघतात, श्वास मोजतात, लघवी किती झाली ते लिहितात. नातेवाईक घाबरतात, पण तो औषधाचा पहारा आहे. ठरलेला डोस अमेरिकेतल्या धिप्पाड बायकांच्या मापाचा होता. आपल्या चाळीस-पंचेचाळीस किलोच्या बायकांना तेवढा लागतो का? हा प्रश्न सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला आणि भारतीय बायकांसाठी कमी डोसची पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध केली. सांगलीच्या शेजारच्या जिल्ह्यातलं हे काम आहे. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा मॅग्नेशियमचा पहिला डोस टोचून मग १०८ मधून पुढे पाठवता येतं. तेव्हा "इथे काही करू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या" असा आग्रह धरू नका. ती दहा मिनिटं द्या.

आपल्या जतच्या मुलीचं पुढे काय? रक्तदाब आटोक्यात आल्यावर तिचं बाळंतपण करतात. कळा आणून किंवा गरज पडली तर सिझेरियनने. पस्तिसावा आठवडा आहे, बाळ थोडं लवकर येतंय, तरी थांबत नाहीत. याचं कारण आजाराच्या मुळात आहे. गर्भाच्या वारेला रक्त पुरवणाऱ्या आईच्या शिरा सुरुवातीच्या महिन्यांत रुंद व्हायला हव्यात. त्या पुरेशा झाल्या नाहीत की वार उपाशी राहते आणि आईच्या रक्तवाहिन्यांना इजा करणारे पदार्थ रक्तात सोडते. त्यांपैकी एक महत्त्वाचा पदार्थ २००३ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने ओळखला. रक्तदाबाच्या गोळ्या आकडा खाली आणतात, मॅग्नेशियम झटके अडवतं, पण वार आत असेपर्यंत आजार चालूच राहतो. चौतीस आठवड्यांच्या आत असेल आणि आई स्थिर असेल, तर बाळासाठी काही दिवस मिळवायचा प्रयत्न करतात. त्यानंतर गंभीर आजारात थांबून फायदा नसतो.

तपासणी नियमित असली तरी प्रत्येक झटका टळेलच असं नाही. ब्रिटनमध्ये १९९२ सालच्या झटक्यांच्या सगळ्या नोंदी गोळा केल्या गेल्या. त्यांत ३८ टक्के बायकांमध्ये झटक्याआधी रक्तदाब आणि प्रथिनं दोन्ही वाढल्याची नोंदच नव्हती. म्हणून तारखेची वाट बघून चालत नाही. डोकं दुखायला लागलं त्या दिवशी मोजायचं. परवा दवाखान्यात नॉर्मल आला होता, हे आज न मोजायचं कारण होत नाही. ऊसतोडीसाठी बीडकडून सांगली-साताऱ्यात आलेल्या बायकांना हे विशेष सांगायला हवं, कारण हंगामात त्यांची नेहमीची नर्सबाई शेकडो किलोमीटर मागे राहिलेली असते. कार्ड कुठलंही असो, किंवा नसो, जवळच्या उपकेंद्रात रक्तदाब मोजून मिळतो. घरी यंत्र घेतलं असेल तर दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा जास्त येतो, तेव्हा योग्य मापाचा पट्टा मागून घ्या.

त्याच ब्रिटिश नोंदींत ४४ टक्के झटके बाळंतपणानंतरचे होते. वार पडली की आजार उतरणीला लागतो, पण लगेच थांबत नाही. रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा चढू शकतो, म्हणजे हॉस्पिटलमधून घरी आल्यावर. तेव्हा बाळंतीण कानाला रुमाल बांधून अंधाऱ्या खोलीत झोपलेली असते, रात्री बाळ जागवतं, आणि डोकं दुखलं तर वारा लागला किंवा झोप झाली नाही असं म्हटलं जातं. रुमाल बांधायला हरकत नाही. पण त्या डोकेदुखीलाही पट्टाच लावायचा. आधी कधीच रक्तदाब नसलेल्या बाळंतिणीलासुद्धा. ज्यांना हा आजार झाला त्यांनी पहिल्या दहा दिवसांत दोन-तीनदा आणि नंतर सहा आठवड्यांनी रक्तदाब तपासून घ्यावा. पुढच्या खेपेला दिवस गेले की पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगावं. बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत, कमी डोसची अॅस्पिरिन सुरू करायची की नाही हे त्यांना तेव्हाच ठरवावं लागतं. विसाव्या आठवड्यानंतर सुरू केली तर तिचा फारसा उपयोग होत नाही.